विक्रेतीच्या पेटीत गेलेला माल हा विकलेला माल नाही

आज उसाची नोंद बाजूला ठेवतो. विषय उसातूनच निघालाय, पण तो रानातला नाही, घरातल्या पेटीतला आहे.

मांडवगण, वडगाव रासाई, सादलगाव, नदीपलीकडं नानगाव, पारगाव, सगळीकडं आता कुणी ना कुणी घरचा माल पाकिटात भरतंय. गूळ पावडर, काकवी, जवसाची चटणी, पापड. चांगली गोष्ट आहे. माल तयार झाला की पुढचा प्रश्न विकायचा, आणि त्याला सध्या एकच ठरलेलं उत्तर दिलं जातं. "विक्रेत्या नेमा. ५,००० चा माल द्या, ४० टक्के कमिशन ठेवा, पैसे आधी घ्या." ही पद्धत चूक आहे. नुसती चूक नाही, ती आपल्याच गावातल्या बाईच्या कनवटीचे पैसे काढून त्याला धंदा म्हणते.

हिशेब बघा. छापील किंमत ५,००० चा माल, ४० टक्के वजा, म्हणजे ती बाई ३,००० रुपये रोख मोजते. अशा २० बायका जमवल्या की बनवणाऱ्याच्या हातात पहिल्याच आठवड्यात ६०,००० येतात. फोटो निघतात, हार पडतात, "पहिल्या आठवड्यात साठ हजारांची विक्री" असं लिहिलं जातं. पण विक्री कुठं झाली? माल एका घरातून वीस घरांत गेला, एवढंच झालं. खाणाऱ्याच्या स्वयंपाकघरात अजून एक पाकीट फुटलेलं नाही. त्या बायकांनी पहिली दहा पाकिटं जाऊबाईला, माहेरी, शेजारी दिली. भिडेपोटी घेतली गेली ती. उरलेली पेटीत. मग आषाढ लागतो, हवेत ओल येते आणि गूळ पावडरीचे गोळे व्हायला लागतात. गूळ ओल ओढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पातळ पाकीट असेल, चिकट पट्टीनं बंद केलं असेल, तर आणखी लवकर. ते पाकीट आता कोण परत घेणार? कुणीच नाही, कारण पैसे आधीच वाजवून घेतलेत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. किती विक्रेत्या नेमल्या आणि किती माल उचलला, हा आकडा विचारूच नका. दुसरी उचल किती जणींनी केली, ते विचारा. २० पैकी महिनाभरात किती जणी स्वतःहून परत माल न्यायला आल्या? तीन आल्या असतील तर तुमच्याकडं तीनच विक्रेत्या आहेत. बाकीच्या सतरा जणी तुमच्या गिऱ्हाईक होत्या, आणि त्याही फसलेल्या.

आता ४० टक्क्यांचं बघू. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या गुऱ्हाळाचे घालून बघा. अर्धा किलो गूळ पावडरीचं पाकीट. माल ३० रुपये, पाकीट आणि लेबल ५, चाळून भरायची मजुरी ४, वाहतूक २. झाले ४१. छापील किंमत ६० ठेवली आणि २० टक्के कमिशन दिलं, तर विक्रेतीला १२ जातात, आपल्याकडं ७ उरतात. वीसातलं एक पाकीट खराब होऊन परत आलं असं धरा, तो खर्च पाकिटामागं २ रुपये. हातात ५ राहिले. थोडे आहेत, पण खरे आहेत. आता त्याच पाकिटावर ४० टक्के द्या. २४ रुपये गेले, एकूण ६५, म्हणजे ६० च्या पाकिटावर ५ रुपये तोटा. मग काय करतात? छापील किंमत ८५ करतात. म्हणजे किलोला १७०. आपल्या भागात गुऱ्हाळ कुणाला लांब आहे? ज्या गिऱ्हाइकाला ढेपेचा भाव तोंडपाठ आहे ते एकदा घेईल, दुसऱ्यांदा नाही. मोठं कमिशन विक्रेतीच्या भल्याचं वाटतं, पण तेच तिचं दुसरं पाकीट विकू देत नाही.

१२ रुपयांत बाईचं काय भागतं, असं कुणी विचारेल. बरोबर विचारलं. महिन्याला ४० पाकिटं गेली तर ४८० रुपये. खुरपणीला गेली तर दोन दिवसांत यापेक्षा जास्त मिळतात. म्हणजे दारोदार फिरून विकायला लावलं तर तिचा तोटाच आहे, आणि तिनं महिन्यात सोडून दिलं तर तिला आळशी म्हणू नका. म्हणूनच विक्रेती निवडताना "कोण तयार आहे" हे न बघता "कुणाकडं माणसं आपणहून येतात" हे बघायचं. पिठाची गिरणी चालवणारी, शिवणकाम करणारी, पार्लरवाली, रांजणगावच्या कंपनीत जाणारी जिच्या गाडीत रोज तेच दहा जण बसतात. तिला वेगळा वेळ घालावा लागत नाही. वस्तूही एकच नको, तीन-चार हव्यात, कारण आलेलं गिऱ्हाईक पावडरीबरोबर चटणी घेतं आणि १२ चे २२ होतात. पण पंधरा वस्तूही देऊ नका. पंधरा वस्तूंतल्या अकरा तिच्या फळीवर शिळ्या होतात.

मग माल द्यायचा कसा? आपल्या आडतीत, कापडाच्या दुकानात जुना शब्द आहे, जांगड. माल नेला, विकला तेवढ्याचे पैसे, नाही विकला तो परत. पहिल्या खेपेला फक्त दहा पाकिटं. वहीत तारीख, पाकिटांची संख्या, तिची सही. आठवडी बाजाराच्या दिवशी हिशेब. विकलेल्याचे पैसे जमा झाले की त्यातलं कमिशन तिथल्या तिथं हातात, आणि मगच पुढची दहा. न विकलेली पाकिटं दर महिन्याला ताज्याशी बदलून द्यायची, मुदत संपायची वाट बघत बसायचं नाही. एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची. तिनं शेजारणीला उधार दिलं तर ते पाकीट विकलेलं धरलं जाईल. हे आधी बोललं नाही तर चौथ्या बाजाराला भांडण ठरलेलं.

"जांगडवर पैसे बुडतात," हा आक्षेप मी दर वेळी ऐकतो. किती बुडतात? दहा पाकिटांत आपले अडकतात ४१० रुपये. आठ विक्रेत्या असतील तर ३,२८०. सगळ्याच पळाल्या तरी नुकसान एवढंच. तिकडं वीस बायकांचे ६०,००० अडकलेले चालतात, आणि आपले तीन हजार अडकले की धंदा धोक्यात? जोखीम त्यानं घ्यावी ज्याच्या हातात चूक सुधारणं आहे. पाकीट जाड करायचं, पावडर नीट वाळवायची, भाव ठरवायचा, हे विक्रेतीच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. शिवाय परत आलेलं पाकीट हीच आपली खरी बातमी असते. गोळे झाले, चव उतरली, की भाव जास्त वाटला? पैसे आधी घेतले की ही बातमी आपल्यापर्यंत येतच नाही.

लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तर चार महिने काम बंद ठेवलं. पुढच्या वर्षी खाट आणली, पापड खाटेवर, खाली शेगडी, आणि वाळवण भर पावसात चालू राहिली. बघा, पावसाची अडचण त्यांनी बनवायच्या जागी सोडवली, ओला माल कुणाच्या गळ्यात मारला नाही. आणि लाटणारी बहीण पीठ घरी नेते, लाटलेले पापड परत आणून देते, लाटणीचे पैसे घेते. विकायचं काम वेगळ्या वितरकांचं. न विकलेला पापड लाटणारीच्या डोक्यावर बसत नाही. नाव लिज्जतचं घ्यायचं आणि रीत उलटी करायची, हे बरं नव्हं.

याहून वाईट रीत म्हणजे "तू खाली दोन जणी जोड, त्यांच्या मालावरही तुला टक्के". कमिशन पाकीट विकल्याचं असतं, माणूस जोडल्याचं नाही. पैसे माणसं जोडल्याचे मिळायला लागले की ती साखळी झाली. साखळीच्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही आहे. कायदा राहू द्या, पाचशे उंबऱ्यांच्या गावात तिसऱ्या पायरीला जोडायला माणूसच उरत नाही.

राहिलं विक्रेतीला मदत करायचं. फलक, टी-शर्ट, मेळावे नकोत. तिला एक फोडलेलं पाकीट चाखायला द्या, आणि गिऱ्हाईक जे विचारतं त्याची खरी उत्तरं द्या. "गूळ काळपट का?" तर हायड्रोस टाकून रंग उडवलेला नाही म्हणून. पण काळा म्हणजे शुद्धच, असंही तिला सांगायला लावू नका. खारवट जमिनीचा, जास्त युरिया खाल्लेल्या उसाचा गूळही काळा आणि मऊ येतो, हे इथल्या प्रत्येक गुळव्याला माहीत आहे. "शुगरवाल्याला चालतो का?" याला उत्तर एकच, नाही, डॉक्टरांना विचारा. गुळात बहुतेक साखरच असते. विक्री वाढावी म्हणून विक्रेती "चालतो" म्हणाली आणि कुणाची साखर चढली, तर दोष पाकिटावर ज्याचं नाव आहे त्याचा. त्या पाकिटावर अन्न सुरक्षेचा १४ अंकी नंबर, वजन, बॅच, तारीख, किंमत हवी. बिनलेबलचा माल दुसऱ्याच्या दारात ठेवणं म्हणजे उद्याची विचारणा तिच्या अंगावर ढकलणं.

तेव्हा ताई-दादांनो, कुणी "आमच्या पन्नास विक्रेत्या आहेत" असं सांगत आलं, तर वही मागा. नावांच्या पुढं दुसऱ्या उचलीची तारीख किती जणींपुढं आहे ते मोजा. आणि तुम्हालाच कुणी ३,००० मागत असेल, तर एवढंच विचारा, "उरलेला माल कधी परत घेणार?" उत्तर द्यायला तो अडखळला, तर पैसे कनवटीलाच राहू द्या.