१४, ३३ की ५८? इन्फ्लुएन्सरमुळे नक्की किती ऑर्डर आल्या, हे कसं मोजायचं

डिसेंबर २०२४ मध्ये ‘मेगालॅग’ या यूट्यूब चॅनेलने पेपालच्या ‘हनी’ या कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनवर एक व्हिडिओ टाकला. आरोप असा होता, की तुम्ही एखाद्या यूट्यूबरच्या लिंकवरून दुकानात गेलात आणि पैसे भरताना हनीचं बटण दाबलं, तर यूट्यूबरच्या नावाची नोंद पुसली जाते आणि तिथे हनीची बसते. म्हणजे कमिशन हनीला. त्यानंतर अमेरिकेत क्रिएटर कोर्टात गेले. आपण ‘शेवटच्या क्लिकला श्रेय’ या चालू पद्धतीनेच वागतो, असं पेपालचं म्हणणं होतं. मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम कडक केले: वापरणाऱ्याला थेट फायदा मिळत नसेल, तर एक्स्टेन्शनने स्वतःची कमिशनची लिंक घुसवायची नाही.

बातमी जुनी झाली, पण तिच्यातला प्रश्न आपल्याकडे रोज पडतो. रील बघून कोणी काय घेतलं हे ब्रँडला थेट दिसत नाही. त्याच्या हातात दोनच धागे असतात, एक लिंक आणि एक प्रोमो कोड. आणि या दोन आकड्यांवरून क्रिएटरला पुढचं काम मिळणार की नाही हे ठरतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल विकणारा एक छोटा ब्रँड आहे. स्वतःच्या वेबसाइटवर दिवसाला सरासरी ६ ऑर्डर येतात. त्यांनी रेसिपी करणाऱ्या एका ताईंना २०,००० रुपये देऊन रील करून घेतलं. ताईंना `TAI10` हा कोड आणि बायोमध्ये टाकायला ही लिंक दिली:

```
https://example.com/tel?utm_source=instagram&utm_medium=reel&utm_campaign=tai_june
```

प्रश्नचिन्हापुढचा भाग फक्त चिठ्ठी आहे. कुठून आले, कशातून आले, कोणत्या मोहिमेतून आले, एवढंच ती वेबसाइटला सांगते. १० दिवसांनी हिशेब केला तर लिंकवरून १४ ऑर्डर आणि कोड वापरून ४१.

इथे पहिली गडबड होते. बरेच जण १४ आणि ४१ ची बेरीज करून ५५ लिहून मोकळे होतात. पण काही लोक लिंकवरून आले आणि त्यांनी कोडही टाकला. ऑर्डर नंबर जुळवून बघितले तर असे ९ निघाले. म्हणजे खऱ्या वेगळ्या ऑर्डर १४ + ४१ − ९ = ४६.

आता लिंकवरून १४ च का? लिंक खोटं बोलत नाही, पण तिला विसरायला होतं. इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की पान सहसा क्रोममध्ये उघडत नाही, इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तुम्ही कुठून आलात याची आठवण, म्हणजे कुकी, तिथेच राहते. तुम्ही ते बंद केलं, रात्री घरी विचारलं आणि क्रोममध्ये ब्रँडचं नाव टाकून तेल मागवलं, तर वेबसाइटच्या लेखी तुम्ही नवीन पाहुणे. रिपोर्टमध्ये तुमची ऑर्डर ‘डायरेक्ट’ किंवा ‘गूगल सर्च’ या खात्यात पडते. ताईंच्या नावावर काहीच नाही.

कोडचं उलट आहे. तो माणसाच्या डोक्यात किंवा स्क्रीनशॉटमध्ये राहतो, त्यामुळे फोन, ब्राउझर बदलला तरी चालतो. पण तो फुटतो. कोणीतरी कूपनच्या साइटवर टाकतो, आणि मग ज्यांनी ताईंचं रील कधी पाहिलंच नाही तेही पैसे भरायच्या पानावर थांबून कूपन शोधतात आणि `TAI10` टाकतात.

फुटलेला कोड ओळखायचा कसा? ऑर्डर तारखेप्रमाणे लावा. रीलचा परिणाम पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात असतो आणि मग उतरत जातो. आपल्या उदाहरणात पहिल्या ५ दिवसांत कोडच्या २२ ऑर्डर आल्या आणि आकडा रोज कमी होत गेला. सहाव्या दिवशी एकदम १३. त्या दिवशी ताईंनी नवीन काही टाकलं नव्हतं, आणि या १३ पैकी एकाचीही लिंकवर नोंद नव्हती. त्याच दिवशी कोडचं नाव गूगलवर टाकून बघितलं तर तो एका कूपन साइटवर सापडला. मग या १३ ताईंच्या खात्यातून बाजूला काढायच्या. ४६ − १३ = ३३.

३३ हा ज्याचा पुरावा आहे तो आकडा. पण क्रोमवरून रात्री, कोड विसरून आलेली माणसं यात नाहीतच. त्यांना एकेकटं शोधता येत नाही, पण घोळक्याने मोजता येतं. त्यासाठी एकूण ऑर्डर बघायच्या. नेहमीच्या हिशेबाने १० दिवसांत ६० ऑर्डर यायला हव्या होत्या, आल्या ११८. म्हणजे ५८ जास्त.

आता हा ५८ ठोक धरू नका. मागच्या काही आठवड्यांतले १० दिवसांचे आकडे काढले तर ते कधी ५२ होते, कधी ६९. म्हणजे वाढ ४९ ते ६६ च्या मध्ये कुठेतरी आहे. ऑर्डर थोड्या असल्या की असंच होतं, आकडा हलता असतो. शिवाय त्याच १० दिवसांत सण, दुसरी जाहिरात किंवा सेल नसेल तरच ही तुलना चालते. म्हणून दोन क्रिएटरची रील एकाच दिवशी टाकू नयेत. मध्ये दोन आठवडे ठेवले तर कोणामुळे उसळी आली ते दिसतं.

आता पैशाकडे बघा. समजा, एका ऑर्डरवर ब्रँडला ५०० रुपये सुटतात. १४ ऑर्डर धरल्या तर एक ऑर्डर मिळवायला साधारण १,४२९ रुपये पडले. ३३ धरल्या तर ६०६. ५८ धरल्या तर ३४५. पहिल्या दोन आकड्यांत मोहीम तोट्यात, तिसऱ्यात फायद्यात. ताईंचं रील तेच, तेल तेच. फक्त कोणता आकडा उचलला त्यावर ताईंचं पुढचं काम ठरतं.

म्हणून मी रिपोर्टमध्ये एकच आकडा लिहू नका असं म्हणतो. तीन ओळी पुरतात: पुरावा असलेल्या ऑर्डर ३३, एकूण वाढीवरून अंदाज ४९ ते ६६, कोड फुटल्यामुळे वगळलेल्या १३. ३३ मधलेही काही जण एरवी तेल घेणारेच असतील, हेही लिहा. आणि ॲमेझॉनवर किंवा दुकानात झालेली विक्री यात अजिबात नाही, कारण तिथे `TAI10` चालतच नाही. ती पकडायची तर पार्सलमध्ये किंवा पैसे भरल्यावर एक साधा प्रश्न विचारावा लागतो, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ उत्तरं शंभर टक्के बरोबर नसतात, पण क्रिएटरचं नाव वारंवार येत असेल तर ते कोणत्याही कुकीपेक्षा जास्त सांगतं.

तुम्ही स्वतः रील करत असाल, तर काम घेण्याआधीच तीन गोष्टी मागून घ्या: कोडच्या ऑर्डर तारखेप्रमाणे, लिंकच्या ऑर्डर वेगळ्या, आणि मोहिमेआधीच्या महिन्यातल्या रोजच्या एकूण ऑर्डर. तिसरा आकडा ब्रँड सहज देत नाहीत, आणि क्रिएटरच्या कामाची खरी किंमत बहुतेक वेळा त्यातच असते.