नांगरावरील नाव आणि कारखान्याचे वय

नेसरीच्या एका वाचकांचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांच्या गोठ्यात आजोबांच्या वेळचा 'किर्लोस्कर' नावाचा लोखंडी नांगर आहे. तो गावच्या शाळेस द्यावयाचा असून सोबतच्या पाटीवर कारखान्याचे स्थापनावर्ष घालावयाचे आहे. परंतु घरात तीन मते पडली. थोरले काका १८८८ म्हणतात, वडील १९१० म्हणतात, आणि कन्येने सरकारी संकेतस्थळ पाहून १९२० काढले. पाटीवर कोणते घालावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मते तिघांपैकी कोणीही चुकलेले नाही. मात्र ही तीन निरनिराळ्या गोष्टींची वर्षे आहेत. कंपनी आपल्या धंद्याचा आरंभ १८८८ पासून मानते. त्या वेळी लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस होते आणि त्यांचे वडील बंधू रामूअण्णा बेळगावास. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या व रामूअण्णांनी त्या विकाव्या, असा तो व्यवहार होता. पेढीचे नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स', म्हणजे किर्लोस्कर बंधू. तेव्हा आरंभीचे भागीदार कोण, याचे उत्तर त्या नावातच आहे. पुढील हकिकतींत शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही नावे भेटतात. पण ती कारखान्यातील सहकाऱ्यांची होत. सहकारी आणि भागीदार हे शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत. ज्याचा मालकीत वाटा, तोच भागीदार.

पहिल्या मालाविषयीही अशीच गल्लत होते. सायकल हा त्यांनी विकलेला पहिला माल खरा, पण तो परदेशी बनावटीचा होता. त्यानंतर पवनचक्क्या आल्या, त्याही बाहेरच्याच. स्वतः घडविलेला पहिला माल म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र, आणि त्यामागून १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती, म्हणून आरंभी नांगरास गिऱ्हाईकच मिळेना. तेव्हा 'पहिला माल' लिहिताना विकलेला की घडविलेला, हे सांगितलेच पाहिजे.

वडिलांचे १९१० हे वर्ष जागेचे आहे. बेळगाव नगरपालिकेने जागा सोडावयास लावल्यावर औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला, कर्जही दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर मात्र त्यापूर्वीच बेळगावात तयार होऊ लागला होता. म्हणून १९१० हे वसाहतीचे वर्ष धरावे, धंद्याचे नव्हे.

कन्येने पाहिलेले १९२० हे कायद्याचे वर्ष आहे. त्या साली बंधूंची पेढी मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून नोंदली गेली. हे वर्ष घरबसल्या ताडून पाहता येते. प्रत्येक नोंदलेल्या कंपनीस केंद्र सरकार एकवीस अक्षरे-अंकांची एक ओळख देते. तीत प्रथम एक अक्षर, मग धंद्याचे पाच अंक, मग ठिकाणाची दोन अक्षरे, आणि त्यानंतरचे चार अंक म्हणजे नोंदणीचे वर्ष. कंपनीच्या वार्षिक अहवालावरही ही ओळख छापलेली असते.

तथापि या चार अंकांवर भिस्त ठेवणारा कधी कधी फसतो. त्याच घराण्याच्या 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' या कंपनीचे उदाहरण घ्या. तिच्या ओळखीत २००९ हे वर्ष दिसते. परंतु या नावाने इंजिनांचा धंदा १९४६ पासून चालत आला आहे. झाले असे की, २००९ साली एक नवी कंपनी नोंदवून इंजिनांचा धंदा तिच्याकडे सोपविला आणि जुने नाव तिला दिले. म्हणून नोंदणीचे वर्ष आणि चालू धंद्याची हकिकत यांत मोठे अंतर दिसले, तर मध्यंतरी कंपनी बदलली काय, हे आधी पाहावे.

आता गोठ्यातील नांगराकडे वळू. ओतीव भाग कोरड्या ब्रशाने घासून अक्षरे वाचावी. नावापुढे 'लिमिटेड' असेल, तर तो भाग १९२० च्या आधीचा नव्हे, हे निश्चित समजावे. तो शब्द नसेल, तर मात्र नांगर त्याहून जुना असे ठरत नाही. ओतकामाचे जुने साचे नाव बदलल्यावरही वापरात राहू शकतात, आणि लहान भागावर लांब नाव मावतही नाही. शिवाय फाळ झिजला की बदलतात, म्हणून निर्णय मुख्य भागावरून करावा.

पाटीवर एकच आकडा घालण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. 'धंद्याचा आरंभ बेळगाव, १८८८, नांगराची घडण सुमारे १९०३ पासून, किर्लोस्करवाडी १९१०, कंपनी म्हणून नोंद १९२०', एवढा मजकूर दोन ओळींत मावेल. काका, वडील आणि कन्या, तिघांचेही म्हणणे त्यात आले. आणि शाळेतील मुले पाटीवरून जे उतरून घेतील, ते खरे असेल.