दूरचित्रवाणीचा मागचा दरवाजा

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. तेथे एलजी कंपनीचा कारखाना आहे आणि त्यात दूरचित्रवाणी संचही तयार होतात. त्या कंपनीच्या स्मार्ट संचांवर वेबओएस ही तिची स्वतःची प्रणाली चालते. त्यामुळे अँड्रॉइडची 'एपीके' फाईल कोणी पेन ड्राइव्हवरून त्या संचाला जोडली, तरी ती तेथे बसतच नाही. पण शिरूर आणि दौंडच्या बाजारपेठांत मिळणारे अनेक कंपन्यांचे संच आणि जुन्या संचाला जोडायचे छोटे डबे अँड्रॉइडवर चालतात. अँड्रॉइडने मात्र अधिकृत दुकानाबाहेरचे अ‍ॅप घेण्याची वाट पहिल्यापासून मोकळी ठेवली आहे. या वाटेने नेमके काय घरात येते, हा आज अभ्यासाचा विषय झाला आहे.

ही वाट लोक का धरतात, हे आधी समजून घ्यायला हवे. दूरचित्रवाणीवरच्या गुगल प्ले स्टोअरमध्ये मोठ्या पडद्यासाठी आणि रिमोटसाठी तयार केलेलीच अ‍ॅप दिसतात. मोबाइलवर रोज वापरले जाणारे एखादे शिकवणीचे वा भजनाचे अ‍ॅप तेथे शोधून सापडत नाही. अशा वेळी ते बाहेरून आणून बसवणे ही सोय असते आणि त्यात बेकायदा काही नाही. दुसरे कारण फुकट करमणुकीचे. थॉप टीव्ही हे त्याचे महाराष्ट्राला परिचित उदाहरण. सशुल्क वाहिन्या आणि ओटीटीवरील कार्यक्रम विनापरवाना दाखवणारे हे अ‍ॅप प्ले स्टोअरवर नव्हते, ते एपीके म्हणून पसरले होते. प्रक्षेपण कंपन्यांच्या तक्रारीवरून महाराष्ट्र सायबर विभागाने जुलै २०२१ मध्ये हैदराबाद येथून त्याच्या निर्मात्याला अटक केली. अ‍ॅप बंद पडले, तरी संचावर अशी अ‍ॅप घेण्यासाठी उघडलेली कवाडे अनेक घरांत तशीच राहिली असणार, याचा विचार त्या वेळी फारसा झाला नाही.

ती कवाडे दोन आहेत. पहिले म्हणजे संचाच्या सेटिंगमधील Unknown sources ही परवानगी. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून ती सरसकट दिली जात नाही. फाईल उघडणाऱ्या किंवा उतरवून घेणाऱ्या एकेका अ‍ॅपला ती वेगळी द्यावी लागते. ज्या अ‍ॅपला ती मिळाली, ते पुढेही नव्या फायली बसवण्याचा प्रस्ताव पडद्यावर आणू शकते, आणि रिमोट हाती असलेले मूल 'होय' म्हणून मोकळे होते. दुसरे कवाड अधिक खोल आहे. संचाच्या माहितीपानावरील Build या ओळीवर सात वेळा कळ दाबली की विकासकांसाठीचा छुपा विभाग उघडतो. त्यातील USB debugging सुरू केल्यास संचाला दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देता येतात. ही सोय एडीबी या नावाने ओळखली जाते. अनेक संचांवर ती घरच्या वायफायवरूनही चालते आणि त्यासाठी सहसा ५५५५ क्रमांकाचे द्वार वापरले जाते.

एखादी फाईल खरी की बनावट, हे अँड्रॉइड कसे ठरवते? प्रत्येक अ‍ॅपवर त्याच्या निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असते. पहिल्यांदा अ‍ॅप बसवताना ती कोणाची आहे, याची चौकशी प्रणाली करत नाही, केवळ नोंद ठेवते. पुढची आवृत्ती त्याच स्वाक्षरीची असेल तरच जुन्या जागी बसू देते. म्हणजे ही व्यवस्था अ‍ॅपचे सातत्य तपासते, त्याची सचोटी तपासत नाही. पहिलीच फाईल बनावट असेल तर प्रणाली त्या बनावट निर्मात्याशीच एकनिष्ठ राहते.

पण पहिली फाईल अस्सल असली तरी काय घडू शकते, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसले. स्मार्टट्यूब हे यूट्यूब जाहिरातींविना दाखवणारे, दूरचित्रवाणीसाठी तयार केलेले अ‍ॅप जगभर वापरले जाते. ते प्ले स्टोअरवर नसते. त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असल्याने जाणकारही ते निर्धास्तपणे बसवत. त्या महिन्याच्या अखेरीस अनेकांच्या संचांवर गुगलच्या प्ले प्रोटेक्ट या पहारेकऱ्याने ते अ‍ॅप धोकादायक ठरवून बंद केले. सुरुवातीला वापरकर्त्यांना हा गुगलचा आकस वाटला. मात्र ३०.५१ ही आवृत्ती उलगडून पाहिल्यावर त्यात libalphasdk.so नावाचा एक भाग आढळला. खुल्या संहितेत त्याचा मागमूस नव्हता. तो पडद्यामागे चालू राही, संचाची ओळख पटवणारी माहिती गोळा करी, दूरच्या सर्व्हरकडे संचाची नोंद करी आणि तेथून सूचना मागवी. निर्मात्याने आपली स्वाक्षरीची किल्ली चोरांच्या हाती पडल्याचे मान्य केले आणि वेगळ्या ओळखीने नवे अ‍ॅप देण्याचे जाहीर केले.

या प्रकरणात कोणाचे खाते लुटले गेल्याचे पुढे आले नाही, ही गोष्टही तितकीच खरी. परंतु त्यातून शिकण्यासारखे आहे ते निराळेच. किल्ली चोरीला गेल्यामुळे बाधित आवृत्तीवरही अस्सल स्वाक्षरी होती, म्हणून जुन्या अ‍ॅपच्या जागी ती बिनबोभाट बसली. ओळखीच्या ठिकाणावरून घेतलेले अ‍ॅप म्हणजे सुरक्षित, हा समज तेथे तोकडा पडला. धोका ओळखला तो प्ले प्रोटेक्टने. बाहेरचे अ‍ॅप बसत नाही म्हणून हाच पहारेकरी बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. ज्यांनी तो मानला होता, त्यांना इशारा मिळण्याचा मार्गच उरला नव्हता.

आता या अ‍ॅपना हवे तरी काय असते, हा प्रश्न. संचावर बहुधा बँकेचे अ‍ॅप नसते, ओटीपीचा संदेश तेथे येत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत कोंडलेले असल्याने एकाला दुसऱ्याची खाजगी माहिती सहजी वाचता येत नाही. बनावट लॉगिन पान दाखवून पासवर्ड काढून घेणे किंवा 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' ही परवानगी मिळवून पडदा वाचणे शक्य असते, आणि म्हणून ती परवानगी मागणारे करमणुकीचे अ‍ॅप तात्काळ काढावे. पण संचाची खरी किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. तो दिवसरात्र विजेला आणि इंटरनेटला जोडलेला असतो. त्याच्यामार्फत घराचा इंटरनेट पत्ता भाड्याने देता येतो.

हे कसे घडते, ते एका कल्पित पण नेहमीच्या मांडणीतून पाहता येईल. समजा, दौंडमध्ये रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी फायबरची जोडणी आहे. राउटरला मुलाचा लॅपटॉप, दारावरचा कॅमेरा आणि जुन्या संचाला जोडलेला एक बिननावाचा स्वस्त डबा जोडलेला आहे. डब्यावर सामने फुकट दाखवणारे अ‍ॅप बसवले आहे आणि ते सामने दाखवतेही. पण त्याच्याच आत एक लहानसा भाग बाहेरच्या अनोळखी लोकांची वाहतूक या घरातून पुढे पाठवतो. परदेशात बसलेला कोणी चोरलेल्या पासवर्डांनी एखाद्या संकेतस्थळावर शिरू पाहतो, तेव्हा त्या संकेतस्थळाच्या नोंदवहीत दौंडमधला पत्ता उमटतो. तपास सुरू झाला तर सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे त्या पत्त्यामागे नाव सापडेल ते या गृहस्थाचे. आपण निर्दोष आहोत हे पुढे सिद्ध होईलही, पण पहिला खुलासा त्यांनाच करावा लागेल.

संकट येथेच थांबत नाही. बाहेरचा मनुष्य या डब्यातून घराच्या अंतर्गत जाळ्यातही डोकावू शकतो. राउटरची भिंत बाहेरून येणाऱ्याला अडवते, हा तर आतूनच निघालेला असतो. डिसेंबर २०२५ मध्ये उघडकीस आलेल्या किमवुल्फ या जाळ्याने हीच युक्ती वापरली. घरातील ५५५५ हे द्वार उघडे असलेले डबे शोधायचे आणि एडीबीने त्यांच्यावर आपली फाईल चढवायची. अभ्यासकांच्या मते त्याने १८ लाखांहून अधिक उपकरणे ताब्यात घेतली आणि सर्वाधिक बाधित देशांत भारत होता. नामांकित संचावर अशी जोडणी मागितली गेली तर पडद्यावर परवानगीची चौकट येते. हलक्या डब्यांत अनेकदा ती चौकटच नसते आणि एडीबी कारखान्यातूनच सुरू असते. असे डबे विकत घेतानाच बाधित असू शकतात. बॅडबॉक्स २.० या प्रकरणात अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये नागरिकांना हाच इशारा दिला होता.

लक्षणे फार ठळक नसतात, पण असतात. गुगलवर साधा शोध घेतानाही 'तुम्ही मनुष्य आहात का' ही कोडी वारंवार येऊ लागणे हे एक. संच बंद असताना राउटरच्या यादीत त्याचा डेटा वाढत राहणे हे दुसरे, आणि अपलोडचा आकडा फुगलेला दिसणे हे त्याहून बोलके. एखादे सॉफ्टवेअर रात्री अद्ययावत होते तेव्हाही डेटा खर्च होतो, म्हणून एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार रात्री आकडे टिपावेत. संशय टिकला तर बाहेरून घेतलेली अ‍ॅप काढावीत, Unknown sources मधील प्रत्येक परवानगी बंद करावी, USB debugging बंद करावे आणि संच मूळ स्थितीत आणून खात्याचा पासवर्ड बदलावा. बिननावाच्या डब्यात मात्र दोष मूळ प्रणालीतच असेल, तर हा उपायही निरुपयोगी ठरतो. तो डबा जाळ्यातून काढून टाकणे एवढेच उरते.

खरेदीपूर्वीची एक कसोटी सोपी आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' या भागात उपकरण प्ले प्रोटेक्टने प्रमाणित आहे की नाही, हे लिहिलेले असते. शिरूर वा दौंडच्या दुकानात डबा चालू करून ही ओळ दाखवण्यास विक्रेत्याला सांगता येते. ती ओळ दिसली म्हणजे पुढे बसवलेले प्रत्येक अ‍ॅप निर्मळ ठरते असे नाही, हे स्मार्टट्यूबने दाखवलेच. पण ती दिसत नसेल, तर त्या डब्यावर काय चालले आहे हे पाहणारा पहारेकरीच नाही, एवढे नक्की समजावे.

गुगलनेही आता नियम कडक करण्याचे ठरवले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने जाहीर केले, की प्रमाणित उपकरणांवर बसणाऱ्या अ‍ॅपच्या निर्मात्याची ओळख पडताळली जाईल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंडमध्ये आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने अन्यत्र, असा तिचा मूळ कार्यक्रम आहे. त्यामुळे अज्ञात निर्मात्याला लपणे अवघड होईल. मात्र ओळख पटलेल्या निर्मात्याची किल्ली चोरीस गेली तर काय, हा प्रश्न राहतोच. आणि प्रमाणपत्र नसलेल्या डब्यांना तर तो नियमच लागू नाही. ते डबे ज्या घरांत आहेत, तेथे निर्णय कंपनीने वा सरकारने नव्हे, घरातल्यांनीच घ्यायचा आहे.