पाळीच्या उसनवारीचा निवाडा

चिंचोटी-भिवंडी मार्गावर कामणच्या परिसरात जे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले आहेत, त्यांपैकी प्लास्टिकचे डबे व झाकणे ओतणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी पाळीच्या अदलाबदलीवरून दोन कामगारांत असे वैर माजले, की एकाने दुसऱ्याच्या अंगावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली. त्या दोघांस मी गोविंद व परशुराम म्हणतो आणि ज्यांनी हा तंटा मिटवला त्या सुपरवायझरांना, कामगार त्यांना हाक मारीत त्याप्रमाणे, भाऊ म्हणतो.

कारखाना तीन पाळ्यांत चाले: सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा आणि अकरा ते सकाळी सात, आणि दर सोमवारी पाळ्या फिरत. महाशिवरात्रीला परशुरामाची रात्रपाळी आली. त्याला सहकुटुंब तुंगारेश्वरी जायचे होते, म्हणून गोविंदाने आपली साप्ताहिक सुट्टी मोडून त्याच्या जागी काम केले. मात्र कार्ड परशुरामाच्या नावाचे मारले. त्यामुळे हजेरीपटात परशुराम हजर व गोविंद सुट्टीवर अशी नोंद झाली आणि त्या रात्रीचा पगार, भत्त्यासह, परशुरामाच्या खात्यात गेला. ‘तू सांगशील त्या दिवशी फेडीन,’ एवढा तोंडी करार होता.

गोविंद खारबावहून वसई-दिवा मार्गाच्या मोजक्या गाड्यांवर भिस्त ठेवून येणारा. दोन महिन्यांनी घरच्या हळदीसाठी त्याने आपली मंगळवारची रात्रपाळी परशुरामावर सोपवली. पण त्या आठवड्यात परशुराम दुसऱ्या पाळीत होता. तीन ते अकरा काम करून लगेच अकरा ते सात यंत्रावर उभे राहायचे, म्हणजे सलग सोळा तास झाले असते. त्याने नकार कळवला, परंतु तो निरोप गोविंदापर्यंत पोहोचला नाही. यंत्र रात्रभर बंद राहिले आणि गोविंदाच्या नावे खाडा पडला.

भाऊंनी दोघांना समोरासमोर उभे केले नाही. प्रथम प्रत्येकाची जबानी वेगळी घेतली, आणि तेव्हा वादाचे खरे मूळ हाती आले. परशुरामाचे म्हणणे असे, की शिवरात्रीच्या रात्री गोविंद एक वाजेपर्यंत आलाच नव्हता, यंत्र बंदच होते असे त्याने ऐकले होते. मग अर्ध्या रात्रीसाठी पुरी रात्र का फेडायची? गोविंदाला हा आरोप जिव्हारी लागला होता. पगार बुडाल्याहून खोटे ठरवले गेल्याचे दुःख त्याला अधिक होते.

हजेरीपट येथे निरुपयोगी होता, कारण तो स्वतःच असत्य सांगत होता. भाऊंनी यंत्राची तासवार उत्पादनाची वही काढली. अकरापासून सातपर्यंत आठही ओळी गोविंदाच्या हस्ताक्षरातील होत्या. पैकी पहिल्या दोन ओळींत नगांच्या जागी आडवी रेघ असून शेरा होता, ‘साचा बदलला, पाणी गळत होते, नळी बसवली.’ यंत्र बंद होते हे खरे, आणि गोविंद हजर होता हेही खरे. ती ओळ परशुरामाने दोनदा वाचली आणि अर्ध्या रात्रीची गोष्ट पुन्हा काढली नाही.

निवाडा देताना भाऊंनी कसूर तिघांत वाटली. न केलेल्या कामाचा पगार व भत्ता परशुरामाने गोविंदास द्यावा; गोविंदाने होकाराची खातरजमा न करता रजा गृहीत धरली, तेव्हा खाड्याची जबाबदारी त्याची, तथापि तो शिल्लक रजेत वळता करण्याची शिफारस भाऊ करतील; आणि दुसऱ्याच्या नावे कार्ड मारण्याची चाल ठाऊक असून चालू दिली ही चूक आपली, असे त्यांनी कचेरीत लेखी कळवून हजेरीपट दुरुस्त करवला. माझ्या मते निवाड्याचा सर्वांत मोलाचा भाग हाच. त्या रात्री साच्यात गोविंदाचा हात सापडला असता, तर हजेरीपटाप्रमाणे तो कारखान्यात नव्हताच. मग नुकसानभरपाईचा दावा त्याच्या बायकोने कोणत्या दस्तऐवजावर उभा केला असता?

तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात प्रौढ कामगाराच्या दिवसाच्या कामास सामान्यतः नऊ तासांची मर्यादा होती. ती ध्यानी घेऊन भाऊंनी नियम घातला: अदलाबदल त्याच आठवड्यात फिटली पाहिजे, कारण सोमवारी पाळी फिरली की सोपी फेडही अशक्य होऊन बसते, आदल्या दिवशी दोघांच्या सह्यांची चिठ्ठी हवी, जो काम करील त्याच्याच नावे हजेरी, आणि दोन पाळ्या एकमेकींस जोडून येत असतील तर परवानगी नाही.

पैसे पुढच्या पगारातून दिले गेले. दोघे लगोलग एका डब्यातून जेवू लागले असे मुळीच नाही. कित्येक दिवस त्यांचे बोलणे कामापुरतेच राहिले. पण पावसाळ्यात परशुरामाला पाळी बदलण्याची गरज पडली, तेव्हा चिठ्ठी घेऊन तो गोविंदाकडेच गेला. रात्रपाळीला पहिली पाळी जोडून येत असल्याने भाऊंनी ती परत केली, तेव्हा गोविंदाने गुरुवार खोडून शनिवार लिहिला आणि सही केली.