‘ईश्वर उनकी आत्मा को शांति दे’ : न मानणाऱ्याने काय लिहावे?

बँकेत, रेल्वेत, एमआयडीसीत किंवा एखाद्या केंद्रीय शाळेत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांवर हा प्रसंग आता वारंवार येतो. सातारा-सांगलीत बदलीवर आलेला बिहार-उत्तर प्रदेशचा सहकारी असतो. त्याचे वडील गावी वारतात. तो रातोरात मिरज किंवा पुण्याहून गाडी धरतो आणि इकडे ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाळीस जण एकाखाली एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ डकवतात. ज्याला खरोखर चार ओळी लिहायच्या असतात तो मात्र अडतो. एक तर हिंदी अडते. दुसरे म्हणजे हिंदीतले तयार वाक्य ईश्वर, आत्मा आणि स्वर्ग घेऊनच येते. बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही असे म्हटलेल्या, आत्मा न मानणाऱ्या माणसाने ते वाक्य लिहायचे का?

आमचे मत असे की लिहू नये, आणि त्याबद्दल वादही घालू नये. वाद घालण्याची गरजच पडत नाही, कारण ईश्वर-आत्म्याशिवाय दुःख सांगणारी चांगली, रुळलेली हिंदी वाक्ये भरपूर आहेत. आपल्याला ती माहीत नसतात एवढेच.

आधी नेहमीची वाक्ये तपासू. ‘ईश्वर दिवंगत आत्मा को शांति प्रदान करे’, ‘भगवान उन्हें अपने श्रीचरणों में स्थान दे’ आणि ‘शोकाकुल परिवार को यह दुख सहने की शक्ति दे’ ही तीन सगळीकडे सापडतात. पहिल्या दोन वाक्यांत गेलेल्या माणसासाठी मागणे आहे, तिसऱ्यात कुटुंबासाठी. पण मागणे तिन्ही वेळा देवाकडेच आहे. लिहिणारा स्वतः काय करणार, हे एकाही वाक्यात येत नाही. ‘विनम्र श्रद्धांजलि’ हीसुद्धा गेलेल्याला वाहिलेली असते. नुसते तेवढेच लिहून पाठवले, तर ज्याचे वडील गेले त्याच्याशी आपण एक शब्दही बोललेलो नसतो. जिवंत माणसासाठी हिंदीत शब्द आहे ‘संवेदना’. मराठीत संवेदना म्हणजे जाणीव, त्यामुळे तो आपल्याला परका वाटतो. पण हिंदीत ‘मेरी संवेदनाएँ आपके साथ हैं’ म्हणजे ‘तुमच्या दुःखात मी सहभागी आहे’.

मृत्यूसाठीचे शब्दही निवडावे लागतात. ‘स्वर्गवास’, ‘परलोकगमन’, ‘बैकुंठवास’ या शब्दांत मेल्यानंतर कुठे जायचे ते ठरलेले आहे. ‘निधन’ आणि ‘देहांत’ यांत तसे काही नाही. ‘पिताजी नहीं रहे’ हे तर सर्वांत साधे आणि माणसे खरोखर बोलतात तसे. ‘दिवंगत’चा मूळ अर्थ स्वर्गाला गेलेला असाच आहे, पण वापरून वापरून तो इतका झिजला आहे की त्यावर अडून बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. ‘परिनिर्वाण’ मात्र इथे वापरू नये. आपल्याकडच्या फलकांवर तो शब्द हल्ली कोणाच्याही नावापुढे लागतो, ते आम्हाला तिथेही पटत नाही.

आणखी एक वाक्य सहज लिहिले जाते : ‘होनी को कौन टाल सकता है’, किंवा ‘भगवान की मर्ज़ी के आगे किसकी चलती है’. हे नुसते निरर्थक असते तर सोडून दिले असते. पण एखाद्याचा बाप बांधकामाच्या पराचीवरून पडून गेला असेल, तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नसल्याने गेला असेल, तर त्या मृत्यूला कारण आहे, कोणीतरी जबाबदार आहे, कदाचित नुकसानभरपाईही मागायची आहे. अशा मुलाला ‘देवाची मर्जी’ लिहून पाठवणे म्हणजे ठेकेदाराच्या सोयीचे बोलणे झाले.

आता एक मसुदा पाहू. कराडच्या एका बँक शाखेत काम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने तिच्या बिहारी सहकाऱ्यासाठी तो लिहिला आणि आमच्याकडे वाचायला पाठवला. तो असा होता : ‘आपके पिताजी का दुःखद निधन हुआ यह सुनके खूब बुरा लगा। आपके कुटुंब के ऊपर दुःख का पहाड़ गिरा है। भगवान उनके आत्मा को चिरशांती दे। तुम धीर रखो।’

भावना खरी आहे आणि सहकाऱ्याला अर्थही कळला असता. पण मराठी जिथे जिथे आत शिरली आहे ते पाहण्यासारखे आहे. आत्मा मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून तिथे ‘उनकी आत्मा’ हवे. मृत्यूचेही तसेच, ‘पिताजी की मृत्यु’. दुःखाचा डोंगर मराठीत कोसळतो, हिंदीत पहाड ‘टूट पड़ता है’. कुटुंबाला ‘परिवार’ म्हणतात, ‘खूब’च्या जागी ‘बहुत’ येते आणि धीर ‘धीरज’ होतो. शांति आणि श्रद्धांजलि यांची शेवटची वेलांटी हिंदीत ऱ्हस्व. सर्वांत खटकणारी गोष्ट मात्र सुरुवातीच्या ‘आपके’वरून शेवटच्या ‘तुम’वर घसरणे. आपल्या बाजारहाटाच्या हिंदीत तुम चालून जाते. शोकपत्रात ते उद्धट वाटते. वडिलांविषयीही सगळी क्रियापदे आदरार्थी हवीत : ‘वे बीमार थे’, ‘वह बीमार था’ नव्हे.

भाषेपेक्षा मोठी उणीव वेगळीच होती. या मसुद्यात तो सहकारी कुठेच नव्हता. आम्ही मैत्रिणीला विचारले, वडिलांविषयी तो काय बोलायचा? ती म्हणाली, रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, ‘खाना खाया?’ एवढेच विचारायचे. वडिलांना तो काय म्हणायचा? बाबूजी. मग तू त्याच्यासाठी नक्की काय करू शकतेस? ती म्हणाली, त्याचा काउंटर बघू शकते. यातून पत्र तयार झाले :

‘भाई साहब, नमस्ते। आपके बाबूजी के निधन का समाचार मिला। बहुत दुख हुआ। आप बताते थे कि वे रोज़ शाम को फ़ोन करके पूछते थे, खाना खाया कि नहीं। वह फ़ोन अब नहीं आएगा, यह सोचकर मेरा भी मन भर आया। इतनी दूर से आपको अकेले जाना पड़ा। दुख की इस घड़ी में हम सब आपके साथ हैं। माताजी को मेरा सादर नमस्कार कहिए। यहाँ आपका काउंटर मैं देख रही हूँ, उसकी चिंता मत कीजिए। अपना और माताजी का ख़याल रखिए।’

यात देव नाही, आत्मा नाही, आणि वाचणाऱ्याला त्याची अनुपस्थिती जाणवतही नाही. मैत्रिणीने न मानलेले काही लिहिले नाही. सहकाऱ्यालाही त्याच्या सुतकात आपल्या अनीश्वरवादाचे व्याख्यान ऐकावे लागले नाही. अनित्यतेचा उपदेशही आम्ही मुद्दाम टाळला. अनिच्च ही आपल्या घरात, पुण्यानुमोदनात भन्तेंनी सांगायची गोष्ट आहे. परक्याच्या घरात तीच गोष्ट ‘सगळेच मरतात’ अशी ऐकू येते.

‘रजा कितीही घ्या’ हेही तिने लिहिले नाही, कारण रजा तिच्या हातात नाही. ‘अंतिम दर्शन हो पाए?’ हा प्रश्नही आम्ही काढायला लावला. कराडहून बिहारमधल्या गावी पोहोचायला दोन दिवस सहज लागतात. तिकडच्या हिंदू घरांत मुखाग्नी बहुधा थोरला मुलगा देतो. तो पोहोचला नसेल तर दुसऱ्या कोणी दिलेला असतो. ही सल त्याला आयुष्यभर राहणार असते, तिच्यावर आपण बोट ठेवू नये. तो तेरहवीं उरकून परत येईल. तेव्हा स्वतःहून सांगितले तर ऐकावे.

एक सवय मात्र आपण सोडायला हवी. आपल्याकडे कांबळे म्हटले, माने म्हटले की माणूस मनात लगेच जात काढू लागतो. बिहारमध्ये ‘कुमार’, ‘प्रसाद’ अशी नावे अनेक जातींत आहेत. कित्येकांनी तर जात कळू नये म्हणूनच ‘कुमार’ घेतलेले असते. तो कुमार कदाचित बाबासाहेबांना मानणाऱ्या घरातला असेल. त्याच्या घरी तेरहवीं होत नसेल, श्रद्धांजलि सभा होत असेल. त्याला आपण ‘ओम शांति, श्रीचरणों में स्थान’ पाठवले तर काय झाले? वर दिलेले पत्र मात्र नमस्ते बदलून त्यालाही जाईल. सहकारी मुसलमान असेल तर बाबूजीच्या जागी तो म्हणत असेल ते, अब्बा किंवा वालिद साहब, लिहायचे. ‘निधन’ऐवजी ‘इंतकाल’ लिहिले तर त्याला जवळचे वाटेल. बाकी पत्र तेच.

उलट बाजूही आहे. आपल्या घरात मृत्यू झाला की हिंदी भाषिक सहकारी आपल्याला लिहितोच, ‘ईश्वर आपके पिताजी की आत्मा को शांति दे’. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले देशभरच्या शहरांत सोने-चांदी गाळतात. त्यांच्या घरी तर असे निरोप तिकडच्या शेजाऱ्यांकडून येतच असणार. त्याने मनापासून लिहिलेले असते. ‘आपकी संवेदना के लिए बहुत आभार’ एवढे उत्तर पुरे. ज्याने आपल्यासाठी वेळ काढला त्याला त्या दिवशी दुरुस्त करत बसणाऱ्या कार्यकर्त्यांशी आमचे जमत नाही.

ऑफिसचा शोकसंदेश मात्र वेगळा. तो कोणा एकाचा नसतो, संस्थेचा असतो, आणि तिथे आम्ही आग्रह धरतो. मराठीत प्रत्येकाच्या नावापुढे ‘कै.’ लावायची सवय कारकुनाच्या हाताला इतकी लागली आहे की आपल्या माणसालाही मेल्यावर कैलासाला पाठवले जाते. आपण कालकथित म्हणतो, लिंगायत लिंगैक्य म्हणतात, वारकरी वैकुंठवासी, मुसलमान पैगंबरवासी. घरच्या पत्रिकेत ज्याने त्याने आपापला शब्द लिहावा. संस्थेने यातला कोणताच निवडू नये. हिंदीतही ‘स्वर्गीय’ची हीच गत आहे. मराठी आणि हिंदी माणसे एकत्र काम करतात त्या ऑफिसच्या फळ्यावर इतका मजकूर पुरतो :

‘हमारे सहकर्मी श्री … के पिताजी का दिनांक … को निधन हो गया। कार्यालय के सभी सहकर्मी उनके परिवार के प्रति गहरी संवेदना प्रकट करते हैं।’

पुढच्या वेळी साहेब किंवा युनियनचा सेक्रेटरी मजकूर विचारील तेव्हा हा कागद पुढे करावा. ‘ईश्वर’ घालायचा कोणी आग्रह धरलाच, तर त्या ओळीच्या जागी दोन मिनिटांचे मौन सुचवावे; हिंदीत त्याला ‘दो मिनट का मौन’ म्हणतात, आणि त्याला आजवर कोणी नाही म्हटलेले आम्ही तरी पाहिलेले नाही.