आठातले पाच, आणि ऑप्शनला टाकलेलं इंटिग्रेशन

माझा मामेभाऊ लातूरला बारावी सायन्सला आहे. दिवाळीनंतर एका रात्री त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पानावर मॅथ्सच्या पंधरा धड्यांची नावं होती. बारा नावांपुढे टिक आणि तीन नावांवर आडवी रेघ: लाइन अँड प्लेन, इंडेफिनिट इंटिग्रेशन, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन. खाली मेसेज होता, "दादा, हे तीन ऑप्शनला टाकायलो. मोठे प्रश्न आठातले पाचच सोडवायचेत. जुने पेपर बघूनच काढलंय. जमतंय ना?"

मी लिहिलं, "नाही जमत." त्याला वाटलं दादा आता 'सगळं वाच' छाप भाषण देणार. मी तसलं भाषण देत नाही. ज्यांनी स्वतः कधी सगळं वाचलं नाही तेच ते देतात. जुने पेपर बघून अभ्यास ठरवणं यात लबाडी काही नाही, उलट न बघणं हा वेडेपणा आहे. माझं भांडण 'ऑप्शनला टाकणे' या आपल्या लाडक्या शब्दाशी आहे. पेपर आपल्याला जो ऑप्शन परीक्षेच्या हॉलमध्ये देतो, तो आपण चार महिने आधी, घरी बसून, खर्च करून टाकतो. मग हॉलमध्ये हातात काही उरत नाही.

आधी पेपर नीट बघू. बारावी बोर्डाचा मॅथ्सचा पेपर 80 मार्कांचा. पहिले दोन प्रश्न 20 मार्कांचे आणि सक्तीचे, त्यांत ऑप्शन नाही. मग दोन-दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन-तीन मार्कांचे बारापैकी आठ, आणि शेवटी विभाग 'ड': 27 ते 34 असे आठ प्रश्न, प्रत्येकी चार मार्क, कोणतेही पाच सोडवा. म्हणजे छापलेले 112 मार्क आणि सोडवायचे 80.

आता भावाचा हिशोब बघा. आठ प्रश्नांतले तीन सोडता येतात, म्हणून त्यानं पंधरा धड्यांतले तीन सोडले. हे दोन 'तीन' एकमेकांचे कोणीच नाहीत. सोडायची मुभा प्रश्नांना आहे, धड्यांना नाही. शिवाय रेघ मारलेला धडा फक्त विभाग 'ड'मधून जात नाही. तो सक्तीच्या 20 मार्कांतही डोकावतो, दोन आणि तीन मार्कांच्या प्रश्नांतही येतो.

आणि इंडेफिनिट इंटिग्रेशन! आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी जुनी लायब्ररी काढायची म्हटलं की आधी बघतो, तिच्यावर कोण कोण उभं आहे. इथे बघा. डेफिनिट इंटिग्रेशन त्यावर उभं. क्षेत्रफळ काढायचा धडा डेफिनिटवर उभा. डिफरन्शियल इक्वेशन सोडवायची म्हणजे शेवटी इंटिग्रेशनच करायचं. प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनमधल्या कंटिन्युअस व्हेरिएबलच्या गणितातही तेच. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आठ धडे आहेत. भावानं एका नावावर रेघ मारली आणि आठातले पाच धडे लंगडे केले.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नांदेडला इंजिनिअरिंग करताना ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरात आम्हाला आठातले पाच असायचे. आठ युनिट, आठ प्रश्न, म्हणून तीन युनिट मी ऑप्शनला टाकले. त्यात सिंक्रोनायझेशन होतं. डेडलॉक मात्र घोटून केलं होतं, कारण बँकर्स अल्गोरिदम जुन्या पेपरांत सारखं दिसायचं. परीक्षेत ते आलंही, पण प्रश्नाच्या 'ब' भागात. 'अ' भागात होतं: सेमाफोर वापरून डायनिंग फिलॉसॉफर्स सोडवा आणि डेडलॉक कुठे होतो ते सांगा. सेमाफोर म्हणजे माझं सोडलेलं युनिट. पाच युनिट केले होते, त्यातला एक प्रश्न अर्धाच राहिला आणि बदली म्हणून घ्यायला सहावा प्रश्न नव्हता. दुसऱ्या एका प्रश्नात आकडेमोड चुकली. विषय राहिला.

तेव्हा मी नशिबाला शिव्या दिल्या. खरं तर तो साधा हिशोब होता, आणि तो इथे मांडतो, कारण 'पाच सोडवायचेत ना, मग पाचच तयार कर' असं सांगणारे सीनियर हा हिशोब कधी मांडत नाहीत.

समजा तुमची तयारी चांगली आहे. तयार केलेला प्रश्न पेपरात आला की दहात आठ वेळा तो पूर्ण सुटतो. उरलेल्या दोन वेळा काही तरी होतं: पायरी आठवत नाही, चिन्ह चुकतं, प्रश्न फिरवून विचारलेला असतो. आता पाचच प्रकार तयार असतील तर पाचही सुटायला हवेत. 0.8 ला पाच वेळा गुणा, येतात 0.33. म्हणजे शंभरातल्या 33 वेळाच पूर्ण पाच प्रश्न हाती लागतात. सहा प्रकार तयार असतील आणि त्यांतले कोणतेही पाच सुटले तरी चालत असेल, तर हाच आकडा 66 होतो. सात असतील तर 85. आठही असतील तर 94.

या आकड्यांकडे थोडं थांबून बघा. सहाव्या प्रकारानं शक्यता थेट दुप्पट केली. सातव्यानं 19 ची भर घातली, आठव्यानं फक्त 9 ची. म्हणून 'सगळं करा' म्हणणाऱ्यांचंही पूर्ण खरं नाही. आठवा प्रकार तुमचा जीव खात असेल तर सोडा, फार बिघडत नाही. पण पाचावर थांबणं म्हणजे पेपरनं दिलेलं सगळं संरक्षण स्वतःच्या हातानं फेकून देणं. हिशोबात मी धरलं आहे की एक प्रश्न चुकण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही आणि तयार केलेला प्रत्येक प्रकार पेपरात येतोच. खऱ्या पेपरात दोन्ही गोष्टी इतक्या सरळ नसतात. म्हणजे जास्तीच्या तयारीची गरज वाढते, कमी होत नाही.

आता जुने पेपर. भावानं 'लाइन अँड प्लेन' का सोडलं? "चार मार्काला दिसलंच नाही." किती पेपर बघितले? सहा. समजा एखादा प्रकार सरासरी चार पेपरांत एकदा येतो. तो सलग सहा पेपरांत अजिबात न दिसण्याची शक्यता, 0.75 ला सहा वेळा गुणलं तर, सुमारे 18 टक्के येते. म्हणजे 'सहा पेपरांत नाही' याचा अर्थ 'येत नाही' असा होत नाही. 'कमी येतो' इतकंच म्हणता येतं, तेही जपून.

त्यातही त्याच्या गठ्ठ्यात 2022 चा पेपर होता. कोरोनामुळे त्या वर्षी अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला होता. त्या पेपरात न दिसलेला भाग कदाचित अभ्यासक्रमातच नव्हता. आणि आताचं पुस्तक, आताचा आराखडा 2020 नंतरचा. त्याआधीचे पेपर गणितं सोडवायला उत्तम, पण 'काय येतं' हे मोजायला बाद. मोबाईलवर फिरणाऱ्या 'आयएमपी'च्या पीडीएफ हे सगळं एकाच रकान्यात मोजतात आणि वर स्टार देतात.

मग जुन्या पेपरांचं करायचं काय? मी भावाला सांगितलं, धडे मोजू नकोस, स्वतःला मोज. प्रत्येक जुन्या पेपराचा विभाग 'ड' घे. आठही प्रश्न वाचून कोणते पाच घेशील ते आधी लिही आणि मगच सोडव. 180 मिनिटांत 80 मार्क, म्हणजे चार मार्कांना नऊ मिनिटं. घड्याळ लाव. मग निवडलेले पाच आणि सोडलेले तीन, दोन्ही तपास. सोडलेल्यांतला एखादा निवडलेल्यांपेक्षा सोपा होता का? निवडलेला कुठे अडकला? ही निवड चुकण्याची सवय फक्त असंच केल्यानं दिसते.

त्यानं केलं. पहिल्या पेपरात त्यानं निवडलेल्या पाचांतले तीन सुटले. दोन्ही चुकलेल्या प्रश्नांची सुरुवात त्याला येत होती, शेवट येत नव्हता. ही सगळ्यांची खोड आहे. ओळखीचं पहिलं वाक्य दिसलं की आपण प्रश्न निवडून टाकतो. निवडताना शेवटची पायरी मनात आणून बघायची. ती दिसत नसेल तर प्रश्न बाजूला.

दुसरी कसोटी मला जास्त महत्त्वाची वाटते. दोन प्रश्न सारखेच येत असतील तर ज्याचं उत्तर जागेवर तपासता येतं तो आधी घ्यावा. मॅट्रिक्सचं समीकरण घ्या: x + y + z = 6, x − y + z = 2, 2x + y − z = 1. भावाचं उत्तर आलं x = 2, y = 2, z = 2. पहिल्यात टाकलं, 6, बरोबर. दुसऱ्यात टाकलं, 2, बरोबर. तो खूश होऊन पुढे निघाला होता. तिसऱ्यात टाकायला लावलं तर 4 आले, हवा होता 1. पायऱ्या परत बघितल्या, एका ओळीत वजाबाकी चुकलेली. खरं उत्तर 1, 2, 3. तपासायला अर्धं मिनिट लागलं. इंडेफिनिट इंटिग्रेशनचंही असंच आहे, आलेलं उत्तर डिफरन्शिएट केलं की मूळ फंक्शन परत मिळायला हवं. ज्या धड्यावर त्यानं रेघ मारली होती, तो पेपरातल्या सर्वांत तपासता येण्याजोग्या धड्यांपैकी आहे. उलट शब्दात दिलेल्या प्रोबॅबिलिटीच्या गणितात मांडणीच चुकली तर उत्तर बघून कळेलच असं नाही.

लातूर पॅटर्नचं नाव घेऊन लोक पोरांना शॉर्टकट विकतात, याचा मला राग आहे. तो पॅटर्न उभा राहिला पाठ्यपुस्तकाची ओळन् ओळ वाचण्यावर आणि पुन्हा पुन्हा टेस्ट देण्यावर. धडे गाळण्यावर नाही. आणि ऑप्शन कायमचा असतो असंही नाही. नीटमध्ये 2021 पासून प्रत्येक विषयाच्या विभाग 'ब'मध्ये पंधरापैकी दहा प्रश्न निवडायची सोय होती. 2025 ला ती काढून टाकली. ज्यांनी त्या पाच प्रश्नांच्या जागेत एखादा धडा लपवला होता, त्यांची लपायची जागाच गेली.

भावानं परवा नवा फोटो पाठवला. इंटिग्रेशनवरची रेघ खोडली आहे, लाइन अँड प्लेनवरचीही. प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनवर रेघ अजून आहे, पण अर्धी. खाली लिहिलंय, "ह्याचे दोन-तीन मार्कांचे करतो, चार मार्काचा नाही. आता जमतंय का?"

जमतंय की.