फोटो मुलीचा की फोटोग्राफरचा?

स्थळांना पाठवायचा फोटो बरा दिसावा, याला माझी काहीच हरकत नाही. ट्यूबलाइटखाली चेहरा हिरवट येतो, खिडकीकडे पाठ केली तर काळा पडतो. हा दोष कॅमेऱ्याचा. तो काढला की माणूस आहे तसा दिसतो. पुटकुळी पुसलीत तरी चालेल, आठ दिवसांत ती जाणारच आहे. पण गालावरचा तीळ पुसलात तर तो पोह्यांच्या दिवशी जागच्या जागी असणार ना!

माझ्या मामेबहिणीच्या फोटोचं काय झालं बघा. (मामी, तू हे वाचणार मला माहीत आहे. वाचच.)

फोटो काढला घरातच, दारापाशी, ट्यूबलाइटमध्ये. फोटोग्राफरने आधी रंग उजळवला. आपल्या कातडीचा रंग, सावळा असो की गव्हाळ, कॉम्प्युटरला बराचसा नारिंगीच दिसतो. तेवढ्या रंगाची उजळी वाढवली की मुलगी क्षणात गोरी. पण गळ्यातली तुशीही त्याच रंगात मोडते, ती फिकट पडून प्लॅस्टिकची दिसायला लागली. म्हणून त्याने फक्त चेहराच उजळला. आता मान एकीची आणि तोंड दुसरीचं! मग कंबर दोन बोटं आत ढकलली, तर मागची दाराची चौकट तिथेच वाकली. म्हणून दारच काढून टाकलं आणि मागे बाग आणि बंगला चिकटवला. बंगल्यावर ऊन उजवीकडून, हिच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, आणि केस कात्रीने कापल्यासारखे. एक थाप लपवायला दुसरी, दुसरीला तिसरी. बरं, साधा निळा पडदा लावला असता तर मी ब्रसुद्धा काढला नसता. बंगला म्हणजे मात्र ऐपतीचा दावा झाला.

मंडळी आली. मुलाच्या आईने विचारलं, "फोटो जुना आहे का हो?" तेव्हा पोह्यांचा ट्रे हातात घेऊन समोर हीच उभी होती. फोटोग्राफर नव्हता, मामीही स्वयंपाकघरात होती.

"सगळेच करतात" हे उत्तर मला ठाऊक आहे. (मुलगेही करतात, टक्कल बुजवतात.) पण सगळेच करतात म्हणून बघणारेही प्रत्येक फोटोतून दोन छटा वजा करून घेतात, आणि जी खरा फोटो पाठवते ती त्यांच्या हिशेबात आहे त्याहून काळी ठरते. गोरीच हवी म्हणणारे आधी दोषी, हे मान्य. २०२० साली लोकांच्या तक्रारींनंतर शादी डॉट कॉमने वर्णावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली. आपल्या बायोडाटातलं 'वर्ण : निमगोरा' मात्र जसंच्या तसं आहे.

असो. मामी, मूळ फोटो त्याच्याकडे अजून असेल, तो मागून घे. हिरवटपणा मी पाच मिनिटांत काढून देतो. तीळ राहील.